खोडलेली किंमत कोणती लिहावी? सेल सुरू करण्याआधीची तयारी

दादर पश्चिमेला, रानडे रोडपासून जवळच, आमचे तयार कपड्यांचे दुकान आहे आणि तोच माल आम्ही संकेतस्थळावरूनही विकतो. एका दिवाळीच्या सेलमध्ये आम्ही एका सुती कुर्त्याच्या टॅगवर १,४९९ रुपये खोडून खाली १,१९९ लिहिले होते. नेहमी येणाऱ्या एका काकूंनी तो टॅग वाचला, पर्समधून एक घडी घातलेले बिल काढले आणि गल्ल्यावर ठेवून विचारले, "अहो, नवरात्रात हाच कुर्ता मी तुमच्याकडूनच तेराशे एकोणपन्नासला नेला. मग हे चौदाशे नव्याण्णव कधीचे?"

माझ्याकडे उत्तर होते. जुलैपासून त्या कुर्त्याची किंमत १,४९९ होती आणि नवरात्रात फक्त तीन दिवस ती १,३४९ केली होती. परंतु हे उत्तर माझ्या डोक्यात होते, टॅगवर नव्हते, आणि काकूंच्या हातातले बिल मात्र छापलेले होते. त्यांनी कुर्ता परत ठेवला. त्या दिवाळीनंतर आम्ही खोडायचा आकडा ठरवण्याची एक पद्धत बसवली. या लेखात तीच पद्धत, तोच कुर्ता उदाहरणाला घेऊन, क्रमाने मांडली आहे.

एकाच कुर्त्याचे तीन आकडे

त्या कुर्त्याच्या बाबतीत खोडता येण्याजोगे तीन आकडे होते. टॅगवरची छापील कमाल किरकोळ किंमत, म्हणजे एमआरपी, १,८९९ रुपये होती. आमची रोजची विक्री किंमत १,४९९ रुपये होती. नवरात्रातली तीन दिवसांची किंमत १,३४९ रुपये होती. सेलची किंमत १,१९९ ठरल्यावर पहिल्या आकड्याशी तुलना केली तर सवलत ३७ टक्के दिसते, दुसऱ्याशी केली तर २० टक्के आणि तिसऱ्याशी केली तर ११ टक्के. गिऱ्हाईक तिन्ही वेळा १,१९९ रुपयेच देणार असते. फरक पडतो तो फक्त आपण त्याला काय सांगतो यात.

एमआरपीचा प्रश्न आधी सोडवावा, कारण आपल्याकडे बहुतेक गोंधळ तिथेच होतो. वैधमापन कायदा २००९ आणि त्याखालील आवेष्टित वस्तूंचे २०११ चे नियम यांनुसार छापलेली किंमत ही वरची मर्यादा असते. त्यापेक्षा जास्त घेता येत नाही, कमी घेता येते. म्हणजे तो आकडा 'यापेक्षा महाग नाही' एवढेच सांगतो, 'काल इतक्याला विकत होतो' असे सांगत नाही. ज्या नामांकित कंपनीचा माल बाजारात खरोखर छापील किमतीला विकला जातो, तिथे हा फरक फारसा जाणवत नाही. परंतु माल आपल्याच नावाचा असेल, तर एमआरपीही आपणच ठरवून छापलेली असते. आमच्या दुकानात तो कुर्ता १,८९९ रुपयांना एकाही माणसाने घेतलेला नव्हता, आणि आम्हीही तो त्या किमतीला विकायला कधी ठेवला नव्हता. तो आकडा खोडणे म्हणजे कधीच नसलेली किंमत कमी केल्याचे दाखवणे होय.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये अनुचित व्यापारी प्रथांची व्याख्या कलम २(४७) मध्ये आहे, आणि एखादी वस्तू सामान्यतः ज्या किमतीला विकली जाते त्या किमतीबद्दल लोकांची मोठी दिशाभूल करणे हे त्यात मोडते. मात्र 'सामान्यतः' म्हणजे नेमके किती दिवस, हे त्या कलमात मोजून दिलेले नाही. म्हणून मोजमाप दुकानदाराने स्वतःच घ्यावे लागते, आणि ते आपल्या सोयीपेक्षा कडक असलेले बरे.

आम्ही ते युरोपीय संघाच्या नियमावरून घेतले. तिथे २८ मे २०२२ पासून किंमत कमी केल्याची जाहिरात करणाऱ्या व्यापाऱ्याला आधीची किंमत म्हणून सवलतीपूर्वीच्या किमान ३० दिवसांतली सर्वांत कमी किंमत दाखवावी लागते. सप्टेंबर २०२४ मध्ये तिथल्या न्यायालयाने आणखी स्पष्ट केले की, ती किंमत कुठेतरी बारीक अक्षरांत लिहून टक्केवारी मात्र वेगळ्या, मोठ्या आकड्यावरून काढणे चालणार नाही. हा नियम मुंबईतल्या दुकानाला लागू नाही. परंतु 'तीस दिवसांतली सर्वांत कमी' ही कसोटी गल्ल्यावर एका वाक्यात सांगता येते, आणि काकूंच्या बिलासमोर ती टिकते. या कसोटीने आमच्या कुर्त्यावर खोडायचा आकडा १,३४९ ठरतो.

पहिले काम: किमतींची नोंदवही

ही कसोटी लावायची तर गेल्या महिनाभरात कोणत्या दिवशी कोणती किंमत होती हे कळले पाहिजे, आणि बहुतेक दुकानांत नेमके तेच कुठे लिहिलेले नसते. बिलांवरून ते पूर्णपणे काढता येत नाही, कारण ज्या दिवशी त्या मालाची विक्रीच झाली नाही त्या दिवसाचे बिल नसते. किंमत मात्र त्या दिवशीही होतीच.

त्यासाठी एक साधी तक्ता-फाइल पुरते. नोंद मात्र 'या तारखेला किंमत बदलली' अशी न करता 'या तारखेपासून या तारखेपर्यंत ही किंमत' अशी करावी. आम्ही सुरुवातीला फक्त बदलाची तारीख लिहीत होतो आणि त्यात फसलो. समजा, किंमत १ जुलैला बदलली आणि त्यानंतर सप्टेंबर अखेरपर्यंत तशीच राहिली. आपण १० सप्टेंबरपासूनच्या नोंदी शोधल्या तर १ जुलैची ओळ त्या शोधात येतच नाही आणि ती किंमत लागू असूनही हिशेबातून गळते. ती गळलेली किंमतच सर्वांत कमी असेल, तर खोडलेला आकडा खोटा ठरतो आणि आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

आमच्या कुर्त्याच्या नोंदी अशा होत्या:

| मालाचा कोड | किंमत (रु.) | पासून | पर्यंत |
|---|---|---|---|
| KR-104 | १,४९९ | १ जुलै | २१ सप्टेंबर |
| KR-104 | १,३४९ | २२ सप्टेंबर | २४ सप्टेंबर |
| KR-104 | १,४९९ | २५ सप्टेंबर | ९ ऑक्टोबर |

सेल १० ऑक्टोबरला सुरू होणार होता. ती तारीख F1 या चौकटीत लिहिली आणि कोड, किंमत, पासून, पर्यंत हे चार रकाने A ते D मध्ये असले, की पुढील सूत्र हवा तो आकडा देते. गूगल शीट्समध्ये आणि एक्सेलच्या २०१९ पासूनच्या आवृत्त्यांत ते चालते. फाइलमधले आकडे मात्र इंग्रजी अंकांत भरावेत.

```
=MINIFS(B:B, A:A, "KR-104", C:C, "<"&F1, D:D, ">="&F1-30)
```

सूत्राचा अर्थ असा की, जी किंमत सेलच्या आधी सुरू झाली होती आणि आधीच्या तीस दिवसांत, म्हणजे १० सप्टेंबर किंवा त्यानंतरच्या एखाद्या तरी दिवशी लागू होती, तिच्यातली सर्वांत लहान निवडावी. इथे उत्तर १,३४९ येते. एक खबरदारी घ्यावी: चालू किमतीच्या ओळीत 'पर्यंत'चा रकाना मोकळा सोडला तर सूत्र ती ओळ धरतच नाही. म्हणून तिथे सेलच्या आदल्या दिवसाची तारीख लिहावी.

कोणती सूट किंमत समजायची

नोंदवही भरताना लगेच प्रश्न येतो तो कूपनचा. संकेतस्थळाच्या वरच्या पट्टीत 'हा कोड टाका, दहा टक्के कमी' असे लिहिलेले असेल आणि तो कोड कोणीही वापरू शकत असेल, तर ती कूपनची सूट नसून त्या दिवसांची किंमतच आहे. कमी झालेला आकडा नोंदवहीत जावा. पट्टीवर लिहून सर्वांना दिलेली सूट 'ती तर कोडवर होती' म्हणून नंतर नाकारणे ही पळवाट आहे. याउलट, एखाद्या गिऱ्हाइकाला बदलून द्यायला हवे ते माप नव्हते म्हणून शंभर रुपये कमी केले, किंवा जुन्या गिऱ्हाइकाला वाढदिवसाचे कूपन पाठवले, तर ती त्या माणसापुरती सवलत आहे आणि ती धरण्याची गरज नाही. घासाघीस करून कमी केलेल्या रकमेचेही तसेच. मात्र निम्म्याहून अधिक बिले घासाघिशीनंतरच्या आकड्यांची असतील, तर टॅगवरची किंमत ही मुळात आपली किंमत उरलेलीच नाही, हे मान्य करावे लागते.

दुकान आणि संकेतस्थळ यांच्या किमती वेगळ्या असतील तर दोन्हींची नोंद वेगळी ठेवता येते. आमचे गिऱ्हाईक मात्र माटुंग्याहून लोकलमध्ये बसल्या बसल्या संकेतस्थळ पाहून मग दुकानात येते. म्हणून आम्ही दोन्हींपैकी जी कमी असेल तीच धरतो.

याच्या उलट दिशेची लबाडीही ओळखून ठेवावी, कारण ती नोंदवहीत बसवता येते. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १९६४ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत फाउंटन पेनांचे एक उदाहरण आहे. दुकानदार नेहमी साडेसात डॉलरला विकायचे पेन काही दिवस दहा डॉलरला ठेवतो. त्या किमतीला फारसे कोणी घेणार नाही हे त्याला ठाऊक असते. मग तो पुन्हा साडेसातवर येतो आणि 'आधी दहा, आता फक्त साडेसात' अशी जाहिरात करतो. तीस दिवसांची कसोटी या प्रकाराला बऱ्यापैकी अडवते, कारण पेन महिनाभर चढ्या भावात पडू देणे परवडत नाही. तरीही एखाद्याने एकतीस दिवस कळ काढली तर सूत्र त्याला पास करते. म्हणून आम्ही जोडीला एक साधी तपासणी ठेवली आहे: खोडायच्या आकड्याचे किंवा त्याहून जास्त रकमेचे एक तरी खरे बिल गेल्या तीन महिन्यांत सापडले पाहिजे. सापडले नाही, तर आकडा खोडायचा नाही.

अकरा टक्के फार कमी वाटतात तेव्हा

इथे दुकानदाराची खरी परीक्षा होते. शेजारच्या काचेवर 'फ्लॅट ५०' लावलेले असताना आपण ११ टक्के लिहायचे, हे जिवावर येते. आमच्याकडे त्या वर्षीनंतर दोन पर्याय निघाले.

पहिला म्हणजे टक्के सोडून रुपये लिहिणे. '१,३४९ ऐवजी १,१९९, म्हणजे १५० रुपये कमी' हे खरेही आहे आणि हजार-दीड हजारांच्या वस्तूवर ते डोळ्यांत भरते.

दुसरा पर्याय तारखांचा आहे आणि तो अधिक उपयोगी ठरला. १,४९९ हाच आकडा खोडायचा असेल, तर २४ सप्टेंबरला संपलेली नवरात्राची किंमत तीस दिवसांच्या खिडकीबाहेर गेली पाहिजे. सेल २५ ऑक्टोबरला सुरू केला तर खिडकी २५ सप्टेंबरला उघडते आणि त्यात फक्त १,४९९ उरते. दिवाळी त्याआधीच असेल, तर मग त्या मालावर नवरात्रातली सूट देऊच नये. ती दुसऱ्या मालावर द्यावी. आता आम्ही ऑगस्टमध्येच कागद घेऊन बसतो आणि कोणता माल गणपतीत, कोणता नवरात्रात आणि कोणता दिवाळीत कमी करायचा याची वाटणी करतो. एकाच मालावर लागोपाठ तीन सणांना सूट दिली, की तिसऱ्या वेळी खोडायला काही शिल्लक राहत नाही.

टॅगवर आणि पडद्यावर काय लिहावे

नुसती आडवी रेघ मारलेली संख्या गिऱ्हाइकाला काहीच सांगत नाही. ती एमआरपी आहे की आधीची किंमत, हे त्याला ओळखून घ्यावे लागते, आणि ओळखताना तो नेहमी आपल्याविरुद्धच धरतो. म्हणून आकड्याआधी दोन-तीन शब्द लिहावेत. आमच्या टॅगवर आता असे असते:

आमची आधीची किंमत (गेल्या ३० दिवसांतली सर्वांत कमी): ~~₹१,३४९~~
सेल किंमत, सर्व करांसहित: ₹१,१९९
छापील किंमत: ₹१,८९९

छापील किंमत खोडायची नाही. ती लहान अक्षरांत तशीच राहू द्यावी. सेलच्या किमतीची चिठ्ठीही छापील किमतीवर चिकटवू नये. नियमांनुसार एमआरपी कमी करणारी चिठ्ठी लावता येते, पण मूळ छापील आकडा तिच्याखाली झाकता येत नाही. टॅगच्या मागच्या बाजूला चिठ्ठी लावली, की हा प्रश्नच येत नाही.

'सर्व करांसहित' हे शब्दही उगाच नाहीत. एमआरपीमध्ये कर धरलेला असतो. मग सवलतीनंतरच्या रकमेवर गल्ल्यावर वेगळा कर लावला, तर खोडलेला आकडा करासहित आणि नवा आकडा कराशिवाय, अशी विषम तुलना होते. सवलतीच्या किमतीवर असा वेगळा कर आकारण्याच्या प्रकरणात राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २०१७ मध्ये दुकानाच्या विरोधात निकाल दिला होता.

संकेतस्थळावर ज्या रकान्यात आकडा भरायचा त्याचे नाव नीट वाचावे. शॉपिफायमध्ये चालू किंमत `Price` या रकान्यात आणि खोडायची किंमत `Compare-at price` या रकान्यात जाते. आपल्याकडे माल चढवतानाच दुसऱ्या रकान्यात एमआरपी भरण्याची सवय आहे, आणि तिच्यामुळे सगळे दुकान बाराही महिने सेलमध्ये असल्यासारखे दिसते. सेल नसताना तो रकाना रिकामा असावा आणि एमआरपी वर्णनात लिहावी. वूकॉमर्समध्ये `Regular price` आणि `Sale price` असे दोन रकाने असतात. सेलआधी `Regular price` मध्ये नोंदवहीतला आकडा आहे ना, एवढे पाहावे.

ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही ते पडदा वाचून दाखवणारे साधन वापरतात, आणि असे साधन रेघ मारल्याचे पुष्कळदा सांगत नाही. त्यांना '१,३४९, १,१९९' असे दोन आकडे लागोपाठ ऐकू येतात. शब्द लिहिलेले असले की ही अडचण आपोआप सुटते:

```
<del>आधीची किंमत ₹१,३४९</del>
<ins>सेल किंमत ₹१,१९९</ins>
```

सेल चालू असताना आणि संपल्यावर

सेलच्या दुसऱ्या आठवड्यात उरलेल्या मापांची किंमत आणखी उतरवून ९९९ केली, तर खोडलेला आकडा १,३४९ हाच ठेवावा. मधे किंमत पुन्हा वर न नेता सलग उतरत गेली, तर ती एकच सवलत आहे आणि तिचा सुरुवातीचा आकडा एकच असतो. मात्र मधे दोन दिवस जरी किंमत वाढवून पुन्हा कमी केली, तर तो नवा सेल समजून नोंदवहीतून नवा आकडा काढावा. तो बहुधा १,१९९ निघेल.

सेल संपवणे हे सुरू करण्यापेक्षा जास्त चुकते. वूकॉमर्समध्ये `Schedule` वापरून तारखा दिल्या तरी त्या संकेतस्थळाच्या वेळेनुसार चालतात. `Settings` मधला `Timezone` यूटीसीवरच राहिला असेल, तर मध्यरात्रीचा सेल आपल्याकडे पहाटे साडेपाचला सुरू होतो आणि तितकाच उशिरा संपतो. शिवाय वेळेवर करायची अशी कामे तिथे संकेतस्थळावर कोणी आले की चालतात, त्यामुळे रहदारी कमी असलेल्या दुकानात आणखी उशीर होतो. आणि पानांची साठवलेली प्रत जुनीच किंमत दाखवत राहते. म्हणून संपण्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी लॉग-इन न करता, दुसऱ्या फोनवरून पाच-सहा वस्तू उघडून पाहाव्यात. व्हॉट्सअॅपवरची मालाची यादी आणि दुकानाबाहेरचा फलक यांना तारखा कळत नाहीत. ते हातानेच बदलावे लागतात.

माल खपत नाही म्हणून सेलनंतरही किंमत १,१९९ च ठेवायची असेल, तर जरूर ठेवावी, पण रेघ काढून टाकावी. रेघ ठेवायला आम्ही जास्तीत जास्त ३० दिवसांची मुदत पाळतो. त्यानंतर १,१९९ हीच त्या कुर्त्याची किंमत असते.

नव्या मालाचा प्रश्न मात्र या सगळ्यांपेक्षा वेगळा आहे, कारण दिवाळीसाठीच आलेल्या कुर्त्याला आधीची किंमतच नसते आणि नोंदवहीचे सूत्र तिथे शून्य देते. अशा मालावर काहीही खोडू नये. त्याऐवजी 'सुरुवातीची किंमत १,१९९. १५ नोव्हेंबरपासून १,३९९' असे लिहिता येते. ते लिहिले, की १५ नोव्हेंबरला सकाळी दुकान उघडण्याआधी टॅग खरोखर बदलावे लागतात, आणि नोंदवहीत त्या कुर्त्याची दुसरी ओळ त्याच दिवशी लिहावी लागते.